नट आवळू नका, वॉशर बदला!

तासगावात खोली घेऊन राहताय आणि फ्लश टँकखाली पाणी साचतंय? लगेच पान्हा घेऊन नट आवळू नका. चिनी माती वाकत नाही, थेट तडकते.

टँकचा तळ कोरडा पुसा. तळाच्या बोल्टला आणि पाइपच्या जोडाला टिश्यू लावा. ओला होईल तिथे गळती. बोल्ट गळत असेल तर अँगल कॉक बंद करून फ्लश करा, उरलेलं पाणी स्पंजने टिपा. आतून बोल्टचं डोकं स्क्रूड्रायव्हरने धरून खालचा नट सोडवा. बेदाण्यासारखा आक्रसलेला रबरी वॉशर निघेल. त्याच मापाचा नवा आत, डोक्याखाली बसवा. नट हाताने घट्ट करा, मग दोन्ही बाजूंना आळीपाळीने पाव-पाव फेरा. टँक हलायचा थांबला की बास! पाणी भरून पुन्हा टिश्यू लावा. टँकलाच तडा असेल, तर मात्र वॉशरने भागणार नाही.