जानेवारीतला सर्व्हे आणि कुलूपबंद घरं

बीड जिल्ह्यातलं एखादं गाव घ्या. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि हंगाम संपला की उन्हाळ्यात परततात. अशा गावात जानेवारीत पाणी आणि रोजगाराचा सर्व्हे केला, तर दोन्ही उत्तरं चुकतात.

समजा, गावात ४०० घरं आहेत आणि त्यांतली १०० कुलूपबंद. दर दहावं घर घेऊन ४० निवडली, तर साधारण दहांना कुलूप असणार. पाहणी करणारा कंटाळून शेजारचं उघडं घर घेतो. चाळीस फॉर्म भरतात, पण गावातली पाव घरं हिशेबातून जातात आणि अहवालात ऊसतोड जवळजवळ दिसतच नाही. म्हणून बंद घर बदलायचं नाही. ‘बंद’ अशी नोंद करायची, शेजाऱ्यांकडून कारण विचारायचं आणि मे महिन्यात पुन्हा जायचं.

यादीतही खोट असते. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीवरून घरं निवडली, की शेतातली वस्ती किंवा गायरानावरची घरं सुटू शकतात. शिवाय एका घरपट्टीखाली दोन भावांच्या दोन चुली असतात. जनगणनेत कुटुंब ठरतं ते एका चुलीवरून. त्यामुळे आधी गावठाण, वस्त्या, तांडा पायी फिरून चुलींची यादी करावी, मग चिठ्ठी टाकून पहिलं घर ठरवावं आणि तिथून दर दहावं घर घ्यावं.

आता प्रश्नांकडे. ‘तुमचा व्यवसाय काय?’ असं विचारलं, की दोन एकरवाला ‘शेती’ म्हणतो, मग वर्षातले पाच महिने तो कोयत्यावर असला तरी. बायकोचं काम विचारलं, तर ‘घरीच असते’ असं उत्तर येतं. प्रत्यक्षात तीही त्याच फडात मोळ्या बांधत असते. त्याऐवजी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाबद्दल वेगळं विचारावं: गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत कोणत्या महिन्यात कुठे, काय काम केलं? सणांच्या खुणा दिल्या, की महिने आठवायला सोपं जातं.

‘पाणी कुठून आणता?’ हा प्रश्नही असाच फसवा आहे. जानेवारीत उत्तर येतं ‘नळ’. मे महिन्यात त्याच घरासमोर टँकरची वाट पाहत घागरी लागलेल्या असू शकतात. पिण्याचं, धुण्याचं आणि जनावरांचं पाणी वेगवेगळ्या ठिकाणांहून येत असेल, तर एका रकान्यात ते मावत नाही. म्हणून तीन वापर आणि पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तीन ऋतू, म्हणजे नऊ चौकटी आखाव्यात. उत्तर शक्यतो पाणी भरणाऱ्या बाईकडूनच घ्यावं.

दोन्ही चुका एकाच हिशेबात भेटतात. ऊसतोडीहून कुटुंबं परततात, नेमकी तेव्हाच पाण्याची टंचाई असते. जानेवारीच्या माणसांवर आणि जानेवारीच्या नळावर टँकरच्या खेपा ठरवल्या, तर मे महिन्यात गावात माणसं जास्त आणि पाणी कमी पडतं.