खिडकी वजा केली, पण तिची जाडी मोजली का? भिंतीच्या रंगाचा हिशेब असा मांडा

दसरा-दिवाळी जवळ आली की रंगाच्या दुकानात गर्दी होते आणि दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “किती फूट आहे?” बहुतेक जण खोलीची लांबी-रुंदी सांगतात, पेंटरने सांगितलेला आकडा पुढे करतात किंवा “तीन खोल्या आहेत, तुम्हीच द्या अंदाजाने” म्हणतात. इथेच गडबड होते. मशीनवर शेड मिसळून घेतलेला डबा दुकानदार सहसा परत घेत नाही. रंग कमी पडला तर दुसऱ्यांदा आणलेली तीच शेड भिंतीवर किंचित वेगळी दिसू शकते.

हिशेब अवघड नाही. भिंतीचं क्षेत्रफळ काढायचं, दारं-खिडक्या वजा करायच्या आणि डब्यावरच्या आकड्याने भागायचं. पण खुलताबादसारख्या गावात या साध्या हिशेबात एक गोष्ट हमखास सुटते. जुन्या वस्तीतल्या घरांच्या भिंती दीड-दीड फूट जाड असतात, तर गावाबाहेरच्या नव्या प्लॉटवर विटांच्या पातळ भिंती. दोन्हीकडे खोली एकाच मापाची असली तरी रंग सारखा लागत नाही.

एक खोली मोजून पाहू

समजा, खोली १२ बाय १० फूट आहे आणि उंची १० फूट. चारही भिंतींची एकूण लांबी १२ + १० + १२ + १० म्हणजे ४४ फूट. त्याला उंचीने गुणलं की ४४० चौरस फूट. वर स्लॅब असेल आणि तोही रंगवायचा असेल तर १२० चौरस फूट वेगळे धरा. छताचा रंग बहुधा पांढरा आणि वेगळा असतो, त्यामुळे तो भिंतीत मिसळू नये. माळवदाचं घर असेल तर हा प्रश्नच येत नाही.

आता वजाबाकी. दोन दारं आहेत, एक बाहेरचं आणि एक आतल्या खोलीत जाणारं. प्रत्येक ३ बाय ७ फूट, म्हणजे २१ चौरस फूट; दोन्ही मिळून ४२. खिडक्या दोन, प्रत्येक ३ बाय ४ फूट, म्हणजे २४ चौरस फूट. एकूण ६६ वजा केले की उरले ३७४.

टेप लावताना इंचांकडे लक्ष द्या. साडेतीन फूट म्हणजे ३ फूट ६ इंच. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ते ३.५ असं टाकायचं, ३.६ नाही. इंचांना बाराने भागून मगच दशांशात लिहायचं. चार इंच म्हणजे ०.३३ फूट.

बरेच जण ३७४ वर थांबतात. पण जाड भिंतीत खिडकीची चौकट बाहेरच्या बाजूला बसवलेली असते आणि खोलीच्या बाजूने खिडकीभोवती भिंतीची जाडी उघडी दिसते. मुलं बसतात ती जागा. तिलाही रंग लागतोच. चौकटीपासून खोलीपर्यंत ही जाडी एक फूट धरली, तर एका खिडकीच्या चारही कडांची लांबी ३ + ४ + ३ + ४ म्हणजे १४ फूट, आणि क्षेत्रफळ १४ चौरस फूट. खिडकी स्वतः १२ चौरस फुटांची! म्हणजे वजा केले त्यापेक्षा जास्त परत मिळवावे लागतात. (खालच्या कडेला फरशी बसवली असेल तर प्रत्येक खिडकीमागे ३ फूट कमी करा.)

दोन खिडक्यांचे २८ झाले. बाहेरच्या दाराच्या दोन उभ्या कडा आणि वरची आडवी कड मिळून १७ फूट लांबी, तिचे १७ चौरस फूट. आतल्या दाराची चौकट याच खोलीच्या बाजूला सपाट बसली आहे असं धरू, म्हणजे त्याची जाडी पलीकडच्या खोलीच्या हिशेबात गेली. राहिले कोनाडे. दीड बाय दोन फुटांचे, पाऊण फूट खोल असे दोन कोनाडे असतील तर त्यांची मागची बाजू भिंतीत आधीच मोजली गेली आहे. फक्त कडा मिळवायच्या, म्हणजे ७ गुणिले ०.७५, प्रत्येकी सव्वापाच. दोन्हींचे साडेदहा.

बेरीज करा. ३७४ + २८ + १७ + १०.५ म्हणजे जवळपास ४३०. दारं-खिडक्या काढून पुन्हा आपण ४४० च्याच आसपास आलो.

हीच खोली नव्या घरात असेल तर खोलीच्या बाजूने दिसणारी जाडी चारेक इंच भरते, आणि कोनाडे नसतात. खिडक्यांचे सव्वानऊ आणि दाराचे साडेपाच धरले तरी बेरीज ३८९ पर्यंतच जाते. म्हणजे जुन्या घरात वजाबाकी करण्यात फारसा अर्थ नाही, आणि नव्या घरात ती केली नाही तर ५० चौरस फुटांचा रंग जास्त आणला जातो.

डब्यावरचा आकडा कसा वाचायचा

डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकावर एका लिटरमध्ये किती चौरस फूट, हे लिहिलेलं असतं. पण तो आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा, हे आधी बघा. एका हाताला १४० लिहिलं असेल तर दोन हातांना ७० च. एका हाताचा आकडा दोन हातांसाठी धरला की रंग बरोबर निम्मा येतो आणि दुपारीच काम थांबतं.

आपल्या जुन्या खोलीसाठी दोन हातांना ७० चौरस फूट धरू. ४३० भागिले ७० म्हणजे ६.१ लिटर. रोलर, ट्रे आणि डब्याच्या तळाशी राहणारा रंग यांसाठी पाच-सात टक्के वाढवले की साडेसहा लिटर. डबे साधारण १, ४, १० आणि २० लिटरचे मिळतात. म्हणजे एक ४ चा आणि तीन १ चे, किंवा दुकानातला भाव बघून दोन ४ चे.

हे लिटर पाणी न घातलेल्या रंगाचे आहेत. इमल्शनमध्ये पाणी किती घालायचं तेही डब्यावर असतं. पेंटरने त्याहून जास्त घातलं तर रंग पुरतो खरा, पण थर पातळ बसतो आणि वाळल्यावर खालचा रंग डोकावतो. मग तिसरा हात मारावा लागतो आणि वाचलेला रंग तिथेच जातो. संध्याकाळी बल्बच्या तिरप्या उजेडात भिंत बघितली की हे कळतं.

पहिली भिंत मापून रंगवा

डब्यावरचा आकडा पुट्टी आणि प्रायमर झालेल्या गुळगुळीत भिंतीचा असतो. आपली भिंत तशी असेलच असं नाही. म्हणून सगळा रंग एकदम आणण्याऐवजी आधी ४ लिटर आणा आणि दार-खिडकी नसलेल्या एका भिंतीवर दोन्ही हात पूर्ण करा.

आपल्या खोलीत १२ बाय १० ची सलग भिंत १२० चौरस फुटांची आहे. तिला दोन हातांत १.७ लिटर लागायला हवा. पहिला हात जास्त पितो, म्हणून एकाच हातावरून अंदाज काढू नका. प्रत्यक्षात २.४ लिटर गेला, तर तुमची भिंत लिटरमागे ७० नव्हे, ५० चौरस फूटच झाकते आहे. उरलेल्या ३१० चौरस फुटांना मग ६.२ लिटर लागणार, म्हणजे खोलीला एकूण साडेआठच्या वर. हे पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

नंतर आणलेला डबा आधीच्या उरलेल्या रंगात मोठ्या बादलीत मिसळून घ्या. ते जमलं नाही तर नवा डबा भिंतीच्या मध्यावर सुरू करू नका, कोपऱ्यावर करा. दोन भिंतींवर उजेड वेगळा पडतो, तिथे शेडमधला बारीक फरक लपतो.

तिसरा हात केव्हा?

गडद भिंतीवर फिका रंग द्यायचा असेल, किंवा लाल-पिवळ्यासारखी भडक शेड घेतली असेल, तर दोन हात कमी पडू शकतात. तिसऱ्या हाताला ४३० भागिले १४०, म्हणजे तीन लिटर आणखी धरा. फिक्यावर फिकाच रंग असेल तर दोन हात पुरतात.

पण तिसऱ्या-चौथ्या हाताने न सुटणाऱ्या दोन अडचणी आहेत. पहिली जुन्या चुन्याची. भिंतीवर तळहात घासा. पांढरी पूड निघाली तर त्यावर इमल्शन धरणार नाही, पापुद्रे सुटतील. चुना खरवडून प्रायमर देणं भाग आहे. किंवा सरळ पुन्हा चुनाच द्या. जुन्या दगड-मातीच्या भिंतीला तो मानवतो, कारण त्यातून ओल बाहेर पडते. दुसरी अडचण लोण्याची. जमिनीलगत दोन-तीन फुटांपर्यंत भिंत ओलसर आणि भुसभुशीत असेल, तर आधी ओल कुठून येते ते बघायला हवं. तिथे ओतलेला प्रत्येक लिटर एका पावसाळ्याचा.

बिल वेगळं, रंग वेगळा

पेंटरचं बिल चौरस फुटावर असेल तर तो दारं-खिडक्या वजा करत नाही अशी तक्रार सर्रास ऐकू येते. ती नेहमी खरी नसते. बांधकामाच्या मोजमापासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १२०० हे मानक आहे आणि त्याचा १३ वा भाग रंगकामाचा. त्यानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण ५.४ चौरस फुटांची मोकळी जागा वजाच करायची नाही. त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत, म्हणजे ३२ चौरस फुटांपर्यंत, भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच रंगकाम असेल तर वजाबाकी एकाच बाजूची होते. त्या बदल्यात कडांच्या जाडीचे वेगळे पैसे लावायचे नाहीत. आतून एक रंग आणि बाहेरून दुसरा असेल, तर ज्या बाजूला जाडी कमी दिसते तिथून वजा करतात. त्याहून मोठी जागा दोन्ही बाजूंनी वजा होते आणि कडा वेगळ्या मोजल्या जातात.

आपली दारं-खिडक्या मधल्या गटात येतात. चौकटी बाहेरच्या बाजूला असल्यामुळे बाहेरचं दार आणि खिडक्या आतून वजा होणार नाहीत. आतल्या दाराचे २१ फूट दोन्ही खोल्या मिळून एकदाच वजा होतील. म्हणजे पेंटरने ४४० किंवा ४१९ लावले तर त्यात वावगं नाही. मात्र ४४० लावून वर दार-खिडक्यांच्या कडांचे ४५ वेगळे दाखवले असतील, तर ते दोनदा घेतले जात आहेत. खासगी कामाला हे मानक आपोआप लागू होत नाही, म्हणून मोजायचं कसं ते काम सुरू होण्याआधी एका कागदावर लिहून घ्या.

दारांना ऑइल पेंट लावायचा असेल तर त्याचा डबा वेगळा आणि हिशेबही. याच मानकाच्या १५ व्या भागात पॅनलच्या लाकडी दाराला प्रत्येक बाजूस १.३ ने आणि सपाट फ्लश दाराला १.२ ने गुणायला सांगितलं आहे, कारण चौकट आणि पॅनलच्या खाचा त्यात धराव्या लागतात. ३ बाय ७ चं पॅनलचं दार दोन्ही बाजूंनी रंगवलं तर ४२ नव्हे, ५४.६ चौरस फूट भरतं.