जांघेतला नायटा आणि घरातली एकच ट्यूब

पेडणे तालुक्यातलं इब्रामपूर दोडामार्गाच्या अंगाला आहे. काजूचा हंगाम सुरू झाला की इकडच्या भट्ट्या पेटतात आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत पेटत्याच राहतात. मे महिन्यात तिथल्या एका भट्टीवर मी हुर्राक गाळण्याचं काम पाहायला गेलो होतो. बोंडू चेचून रस काढायचा, दोन-तीन दिवस आंबू द्यायचा आणि मग लाकडाच्या जाळावर भांड्यात चढवायचा, असं ते काम. पण माझं लक्ष राहून राहून भट्टीवाल्या काकांच्या उजव्या हाताकडे जात होतं. लाकूड आत सरकवलं की तो हात कमरेपाशी जाई आणि बोटांची पेरं लुंगीच्या गाठीखाली जोरात घासली जात. सगळ्या सकाळभर हे चाललं होतं.

मी विचारलं तेव्हा ते आधी लाजले. मग आडोशाला नेऊन लुंगी जरा खाली सरकवून दाखवली. कमरेला काळा करगोटा होता, घामाने चिंब भिजलेला. त्याच्या खालून पट्ट्यासारखा एक काळपट डाग सबंध कमरेभोवती फिरला होता आणि तिथून दोन्ही जांघांत उतरला होता. कडेला बारीक लाल पुटकुळ्यांची किनार होती. जांघेत कातडी पातळ होऊन तिच्यावर गुलाबी-जांभळे ओरखडे उमटले होते, बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे.

“मलम लायलें की बसता, सोडलें की दुप्पट येता,” काका म्हणाले. हे दोन वर्षं चाललं होतं. त्याआधी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी काजूच्या टरफलातलं तेल लावून पाहिलं होतं. ते तेल जहाल असतं, बिब्यासारखं कातडी जाळतं. त्याचा वण मांडीवर अजून होता. मग दुकानातून ट्यूब आली, आणि ती मात्र घरात कायमची राहिली.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा ती ट्यूब पाहिली. फळीवर दंतमंजनाशेजारी, शेपटीकडून गुंडाळत आणलेली. काकींच्या छातीखाली ओली लाली होती, त्याही तीच लावत. नातीच्या पाठीवर घामोळं होतं, तिलाही तीच, वरून खोबरेल. मे महिन्यात एका घरात तीन माणसांना तीन वेगळ्या गोष्टी झाल्या होत्या आणि औषध एकच होतं. डोळ्यांना जेमतेम कळेल एवढ्या बारीक अक्षरांत तिच्यावर घटक छापलेले होते: क्लोबेटासॉल, एक बुरशीचं औषध आणि एक जंतूंचं.

पुढच्या आठवड्यात काका त्वचेच्या डॉक्टरांकडे निघाले तेव्हा मीही बरोबर गेलो. घरातली तिघंही आली होती. त्या डॉक्टर तरुण होत्या, आणि आम्ही खोलीत पाऊल टाकताच त्यांनी पहिला प्रश्न केला, “काका, काय काय लावलंत?” काकांनी पिशवीतून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उलटून वाचली आणि बाजूला ठेवली.

आधी नात. पाठीवर आणि मानेमागे मोहरीएवढ्या लाल पुटकुळ्या होत्या, काखेत आणि जांघेत काही नव्हतं. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि कातडी सतत भिजलेली राहते. वरचा थर फुगतो आणि घामाच्या नळीचं तोंड बुजतं. घाम कातडीच्या आतच फुटतो आणि आजूबाजूला टोचू लागतं, तेच घामोळं. तेलाने तोंड आणखी बंद होतं. डॉक्टरांनी तिला औषध असं काही दिलंच नाही. खोबरेल बंद, गार पाण्याने आंघोळ, सैल सुती झबलं, पंख्याखाली झोप, आणि फारच टोचलं तर कॅलामाइन. घाम थांबला की घामोळं काही दिवसांत जातं. तसं न जाता पुटकुळ्यांत पू झाला तर परत आणायचं.

मग काकी. पडद्यामागे त्यांना तपासून आल्यावर डॉक्टरांनी मला समजावलं. घडीत कातडी कातडीवर घासते, ओल अडकते, आणि तिथे कँडिडा नावाची बुरशी बसते. ओली, लालभडक जागा आणि तिच्या हद्दीबाहेर सुट्या सुट्या पुटकुळ्या, ही तिची खूण. नायट्याला मात्र उठावदार कडा असते आणि मध्यभाग निवळलेला असतो. काकींना त्यांनी कँडिडावरचं साधं मलम दिलं, घडीत सुती कापड ठेवायला सांगितलं, आणि रक्तातली साखर तपासायची चिठ्ठी लिहिली. घडीतली बुरशी पुन्हा पुन्हा येत असली तर मधुमेह पाहायचा असतो. काकींनी आजवर तो कधी पाहिलाच नव्हता.

काकांच्या पाळीला बराच वेळ गेला. डॉक्टरांनी नुसतं पाहून नाव सांगितलं नाही. डागाची लाल किनार त्यांनी स्पिरिटने पुसली आणि बोथट पात्याने हलकेच खरवडली. मधला काळा भाग त्यांनी सोडून दिला, कारण जिवंत बुरशी कडेला असते. काचपट्टीवर पिठासारखा कोंडा पडला. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून वर पातळ काच ठेवली आणि दहा-पंधरा मिनिटं थांबल्या. त्या थेंबाने कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशी तशीच राहते. मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं.

आधी मला नुसत्या पेशींच्या पुसट रेषा दिसल्या. त्या पेशींच्या हद्दी आहेत, त्यांना बुरशी समजून फसायला होतं, असं त्या म्हणाल्या. पट्टी जरा सरकवली आणि ते दिसलं: सारख्या जाडीचे, फाटे फुटलेले, मध्ये मध्ये आडव्या भिंती असलेले धागे, पेशींच्या हद्दी ओलांडून आरपार गेलेले. एकदोन नव्हेत, जाळंच होतं. जिथे महिनोन् महिने स्टेरॉईड चोळलेलं असतं तिथे असं भरगच्च दिसतं.

खाज आणि लाली येते ती शरीर बुरशीशी झगडत असतं म्हणून. क्लोबेटासॉल हे अतिशय तीव्र स्टेरॉईड आहे. ते तो झगडा दाबतं, म्हणून दोन दिवसांत खाज बसते आणि माणसाला बरं वाटतं. बुरशी मात्र खाली पसरत राहते. बुरशीचं औषध त्याच ट्यूबमध्ये असलं तरी खाज बसताच माणूस लावणं थांबवतो, आणि ते औषध पुरेसे दिवस मिळतच नाही. शिवाय जांघेतली कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त स्टेरॉईड शोषते. तिथेच ती पातळ होते आणि ओरखडे उमटतात. ते ओरखडे पुढे फिके होतात, जात नाहीत. काकांना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

या नायट्याचा स्वभावही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. भारतात पसरलेली त्याची एक हट्टी जात आहे, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. जपानमधल्या संशोधकांनी तिथल्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून ती वेगळी काढली आणि 2020 साली तिला हे नाव दिलं. टर्बिनाफिन या वर्षानुवर्षं हमखास चालणाऱ्या गोळीला ती बऱ्याचदा दाद देत नाही. काकांना म्हणून इट्राकोनॅझोल मिळालं, भरल्या पोटी घ्यायला, आधी यकृताची तपासणी करून आणि चालू असलेल्या इतर गोळ्या विचारून. वर लावायला स्टेरॉईड नसलेलं मलम.

“ते कसं लावायचं हे नीट ऐका,” डॉक्टर म्हणाल्या. “डागाच्या कडेपासून 2 सेंटिमीटर बाहेरपर्यंत. आणि डाग गेल्यावर पुढे 2 आठवडे.” काकांनी ते तिथेच पाठ केलं. घरी परतताना बसमध्ये ते दोनदा पुटपुटले, 2 सेंटिमीटर बाहेर, 2 आठवडे पुढे. कारण साधं आहे. दिसणाऱ्या कडेच्या पुढेही बुरशी गेलेली असते, आणि कातडी स्वच्छ दिसू लागली तरी तिच्यात उरलेली असते. आजवर काका डागावरच लावत आले होते आणि खाज थांबली की सोडत होते.

एक गोष्ट अडली ती करगोट्याची. दिवसभर घाम पिऊन ओला राहणारा तो दोरा कमरेवरच्या बुरशीचं घरच झाला होता. डॉक्टरांनी तो काढा म्हटल्यावर काका गप्प झाले. लहानपणापासून बांधलेला दोरा असा एका सांगण्यावरून निघत नाही. डॉक्टरांनी वाद घातला नाही. “फेकू नका. बरं होईपर्यंत देवापाशी ठेवा, मग नवा बांधा,” एवढंच म्हणाल्या. घरी आल्यावर काकींनी तो सोडवून दिला. त्याखालची कातडी इतकी काळी आणि जाड झालेली होती की त्या तिच्याकडे पाहतच राहिल्या.

बाकीचं काम घरचं होतं, आणि तेच अवघड. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. चड्डी आणि लुंगी गरम पाण्यात धुऊन उलटी करून उन्हात, आणि पावसात ऊन नसलं तर इस्त्री फिरवून कोरडी. ओलसर कपडा अंगावर चढवायचा नाही. भट्टीवरून आल्यावर आंघोळ, आणि मग जांघ पुसून पूर्ण कोरडी करून मलम. भट्टीवर घाम येणारच. तो थांबवता येत नाही, पण ओला कपडा दिवसात दोनदा बदलता येतो.

ट्यूब बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज उसळली. हे होणार असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून काका टिकले. न सांगता बंद केली असती तर तिसऱ्या दिवशी ते पुन्हा दुकानात गेले असते. पाऊस लागल्यावर मी गेलो तेव्हा लाल किनार मावळली होती, काळपटपणा होता, आणि ते मलम लावतच होते. नातीचं घामोळं केव्हाच गेलं होतं. काकींची साखर वाढलेली निघाली आणि त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या.

स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने 2018 साली ती नियमात आणली. तरी ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की अशी ट्यूब अजून सहज हातात पडते. एवढं करा. घरातल्या खाजेच्या मलमाची ट्यूब आजच उजेडात धरून वाचा. तिच्यावर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एक नाव असलं, तर डॉक्टरांनी तुमची जागा पाहून लिहून दिल्याशिवाय ते जांघेत, काखेत, छातीखाली किंवा मुलाच्या अंगावर लावू नका. महिनोन् महिने लावत आला असाल तर ती ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा.