पाऱ्याचे ३.६ ज्यूल

ताप बघायचा काचेचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालू नये, हे आमच्या घरात सगळ्यांना एका दिवसात कळलं. धाकट्या भावाला ताप होता. मावशीने बाटलीसाठी उकळलेलं पाणी चुलीवरून उतरवलं आणि थर्मामीटर स्वच्छ व्हावा म्हणून त्यात बुडवला. काही क्षणांत टिच्च असा आवाज झाला, खालचा फुगा फुटला आणि पाऱ्याचे मणी भांड्याच्या तळाशी पळू लागले. आम्ही मुलं ते मणी काडीने एकमेकांत मिसळवत बसलो. पाऱ्याची वाफ किती वाईट असते हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

फुटण्याचं कारण साधं आहे. तापाच्या थर्मामीटरची पट्टी १०८ फॅरनहाइटच्या आसपास संपते आणि तिच्या वर नळीत थोडीशीच मोकळी जागा असते. पारा त्या टोकाला टेकला की पुढे त्याला फुलायला जागा उरत नाही. पण तापणं चालूच असतं. मग प्रत्येक अंशाला दाब किती चढतो? काच अजिबात ताणली जात नाही असं धरलं तर उत्तर येतं: दर अंश सेल्सिअसला सुमारे ४५ वातावरणं. म्हणजे दोन अंशांत ९०. खऱ्या काचेला थोडं ताणलं जाता येतं, त्यामुळे आकडा याहून कमी भरेल, पण फुगा फुटायला तेवढाही पुरतो.

हा ४५ चा आकडा दोन मोजमापांतून निघतो. पहिलं, मोकळा सोडला तर पारा दर अंशाला किती फुलतो. याला घनीय प्रसरणांक म्हणतात, चिन्ह α. खोलीच्या तापमानाला पारा दर अंशाला स्वतःच्या आकारमानाच्या दहा हजारात १.८१ भाग फुलतो. दुसरं, तापमान न बदलता दाबला तर तो किती आकसतो. ही समतापी संपीड्यता, चिन्ह κ. पारा दाबायला फार चिवट आहे: एका वातावरणाच्या दाबाने तो दहा लाखात जेमतेम ४ भाग आकसतो. आता हिशेब सरळ आहे. दहा लाखात १८१ भाग फुलू पाहणाऱ्या पाऱ्याला जागेवरच धरून ठेवायचं, तर १८१ भाग परत दाबावे लागतील, आणि एका वातावरणाला चारच भाग दबतात. भागाकार ४५. फुलण्याला दबण्याने भागलं की बंद भांड्यातली दाबवाढ मिळते.

या ४५ वातावरणांमुळेच प्रयोगशाळेत एक अडचण उभी राहते. पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता दोन तऱ्हांनी मोजता येते. एक, त्याला मोकळेपणी फुलू देऊन, म्हणजे दाब स्थिर ठेवून. ही Cp. दुसरी, त्याला जागचं हलू न देता, म्हणजे आकारमान स्थिर ठेवून. ही Cv. हवेसारख्या वायूंसाठी दोन्ही मोजता येतात. द्रव आणि घन पदार्थांसाठी Cp मोजणं सोपं, कारण मोकळं भांडं पुरतं. Cv मात्र थेट मोजायची तर एका अंशाला ४५ वातावरणं सोसूनही तसूभर न फुगणारं भांडं लागेल, आणि त्या जाड पोलादी भांड्यालाच आतल्या पाऱ्यापेक्षा जास्त उष्णता लागेल. सिद्धान्त मांडणाऱ्यांना तर नेमकी Cv हवी असते, कारण तीत अणूंच्या हालचालीचा हिशेब असतो, फुलण्याचा नसतो.

सुटका अशी की Cv मोजावीच लागत नाही. Cp मोजायची आणि दोन्हींतला फरक गणिताने काढायचा. तो फरक आपण पाऱ्यावरच काढू. खोकल्याच्या औषधाच्या टोपणात १५ मिलीची खूण असते ना, तिथपर्यंत पारा भरला तर त्याचं वजन सुमारे २०० ग्रॅम होतं. रसायनशास्त्रात यालाच पाऱ्याचा एक मोल म्हणतात. अचूक आकारमान १४.८ घन सेंटिमीटर. तापमान २५ अंश, म्हणजे निरपेक्ष मापाने २९८ केल्व्हिन.

आधी झाकण घट्ट लावून हा पारा एक अंश तापवा. Cv इतकी उष्णता गेली, दाब ४५ वातावरणांनी चढला. आता तापमान तसंच ठेवून झाकण हळूहळू सैल करा. पारा फुलतो, ०.००२७ घन सेंटिमीटरने, आणि दाब पुन्हा मूळ पदावर येतो. शेवटी आपण तिथेच पोहोचलो जिथे मोकळ्या भांड्यात एक अंश तापवून पोहोचलो असतो. (काटेकोर हिशेबात दोन्ही वाटांच्या उष्णतेत एक अगदी सूक्ष्म फरक उरतो, पण अंश जितका लहान घ्याल तितका तो नाहीसा होतो.) तेव्हा फरक म्हणजे झाकण सैल करताना पाऱ्याने शोषलेली उष्णता. पण ती किती?

इथे सादी कार्नोचा आधार घ्यावा लागतो. १८२४ साली या फ्रेंच अभियंत्याने वाफेच्या इंजिनांवर एक छोटं पुस्तक काढलं. त्यातल्या विचाराचं नंतर पक्कं झालेलं रूप असं: दोन तापमानांमध्ये चालणारं कुठलंही आदर्श इंजिन, त्यात वाफ असो, हवा असो की पारा, घेतलेल्या उष्णतेचा ठरावीक हिस्साच कामात बदलतं. तापमानांत एका अंशाचा फरक असेल तर हा हिस्सा एक भागिले निरपेक्ष तापमान. आपल्याकडे १/२९८.

मग पाऱ्याचंच इंजिन करू. गरम असताना फुलू द्यायचा, एक अंश थंड करायचा, थंड असतानाच दाबून मूळ आकाराला आणायचा, पुन्हा एक अंश तापवायचा. फुलताना पारा जो दाब लावतो तो परत दाबतानाच्या दाबापेक्षा ४५ वातावरणांनी जास्त, म्हणून प्रत्येक फेरीत निव्वळ काम मिळतं: ४५ वातावरणं गुणिले ०.००२७ घन सेंटिमीटर, म्हणजे ०.०१२ ज्यूल. हे काम जर घेतलेल्या उष्णतेचा २९८वा भाग असेल, तर फुलताना घेतलेली उष्णता त्याच्या २९८ पट. ३.६ ज्यूल. पाऱ्याच्या दोन उष्माधारकतांतला फरक हाच.

सगळं एका ओळीत लिहिलं की पाठ्यपुस्तकातलं सूत्र तयार:

Cp − Cv = T V α² / κ

T कुठून आला ते आता सांगावं लागत नाही, तो कार्नोने आणला. आणि α चा वर्ग का, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्नही सुटतो. α एकदा दाबवाढीत आला (α/κ) आणि एकदा फुलण्यात (αV).

पाऱ्याची मोजलेली Cp आहे २८.० ज्यूल. त्यातून ३.६ वजा केले की Cv २४.४. फरक १३ टक्क्यांचा, दुर्लक्ष करण्यासारखा नाही. १८१९ साली द्यूलाँ आणि पेती या जोडीने सांगितलं होतं की घन मूलद्रव्यांच्या एका मोलला दर अंशाला साधारण २५ ज्यूल लागतात. याच दोघांनी पाऱ्याचं प्रसरणही काचेच्या फुगण्याचा घोळ टाळून मोजलं होतं: पाऱ्याचे दोन उभे स्तंभ, एक गरम एक थंड, खालून जोडलेले, आणि त्यांच्या उंचीतला फरक. २८ हा आकडा त्यांच्या नियमापासून बराच दूर दिसतो, २४.४ जवळ येतो. मात्र यावरून नियम सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही. पारा द्रव आहे, नियम घन पदार्थांचा आहे.

हे ३.६ ज्यूल जातात तरी कुठे? बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, आजूबाजूच्या हवेला ढकलण्यात. वायूंच्या धड्यात तसंच शिकवतात आणि आदर्श वायूच्या बाबतीत ते खरंही आहे. पाऱ्यावर करून बघा. एका वातावरणाच्या दाबाविरुद्ध ०.००२७ घन सेंटिमीटर फुलायला ०.०००२७ ज्यूल पुरतात. ३.६ हे त्याच्या १३,३०० पट आहेत. म्हणजे हवेचा वाटा जवळपास शून्य. बाकी सगळी उष्णता पाऱ्याच्या आतच राहते. अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना किंचित दूर न्यायला जी ऊर्जा लागते ती या ३.६ ज्यूलमधून जाते. जणू पारा बाहेरच्या एका वातावरणाविरुद्ध नव्हे, तर आतल्या १३,३०० वातावरणांविरुद्ध फुलतो. याला अंतर्गत दाब म्हणतात.

सूत्र वापरताना दोन जागी हमखास घसरतात. तांब्यासारख्या घन पदार्थाच्या तक्त्यात बहुधा लांबीचा प्रसरणांक दिलेला असतो. सूत्राला घनीय हवा, म्हणजे त्याच्या तिप्पट. तिपटीचा वर्ग नऊ, त्यामुळे तांब्याचा ०.७ ज्यूलचा फरक ०.०८ होऊन बसतो. दुसरी चूक लपून राहणारी आहे. संपीड्यता काढायची सोयीची वाट म्हणजे पदार्थातून ध्वनीचा वेग मोजणं. पाऱ्यात तो सेकंदाला सुमारे १,४५० मीटर, आणि त्यातून दाबण्याचा आकडा एका वातावरणाला दहा लाखात ४ नव्हे, ३.५ भाग येतो. कारण ध्वनीची लाट इतकी झटपट जाते की दाबल्यावर निर्माण झालेली उष्णता पसरायला वेळच मिळत नाही. पारा जरा तापतो आणि जरा जास्त चिवट वाटतो. हा आकडा सूत्रात घातला तर फरक ३.६ ऐवजी ४.१ येतो.

चूक ओळखायची खूण सूत्रातच दडलेली आहे: दोन संपीड्यतांचं गुणोत्तर आणि दोन उष्माधारकतांचं गुणोत्तर एकच असावं लागतं. २८.० भागिले २४.४ म्हणजे १.१५, आणि ४ भागिले ३.५ म्हणजे १.१४. जुळलं. चुकीच्या आकड्याने काढलेली Cv २३.९ घेतली तर गुणोत्तर १.१७ होतं आणि जुळत नाही.

पाण्याची गोष्ट वेगळी आहे. २५ अंशांना त्याच्या एका मोलचा फरक जेमतेम ०.८ ज्यूल, Cp ७५.३ असताना. एक टक्का. म्हणून चहाचं आधण ठेवताना कुठली उष्माधारकता घ्यायची याने काही अडत नाही. आणि ४ अंशांना तर फरक शून्य. दहावीच्या पुस्तकातलं होपचं उपकरण आठवत असेल: मध्ये बर्फाची कड, वर आणि खाली दोन थर्मामीटर, आणि ४ अंशांना सर्वांत जड होऊन तळाशी बसणारं पाणी. त्या तापमानाला पाणी ना फुलतं ना आकसतं, α शून्य, म्हणून Cp आणि Cv एकच.

चारच्या खाली α ऋण होतो. तिथे तापवलं तर पाणी आकसतं. मग Cp ही Cv पेक्षा लहान व्हायला नको का? एका हुशार मुलीने मला हे विचारलं होतं, आणि मी घाईत हो म्हणून बसलो. घरी जाऊन झाकणवाला हिशेब पुन्हा केला. बंद भांड्यातलं १ अंशाचं पाणी तापवलं की दाब चढत नाही, उतरतो. तो परत पूर्वीच्या पदावर आणायला पाणी फुलू द्यायचं नाही, उलट दाबायचं. आणि या पट्ट्यात पाणी दाबताना उष्णता बाहेर टाकत नाही, आत घेतं. दोन्ही पायऱ्या उलटल्या, उत्तर धनच राहिलं. शून्य अंशाजवळ तो फरक ०.०४५ ज्यूल भरतो, नावापुरता, पण Cp च्याच बाजूने. दुसऱ्या दिवशी वर्गावर जाऊन मी आधी ते हो मागे घेतलं.