पहिला परिच्छेद: अनुदानाच्या प्रस्तावात गरज कशी मांडावी

बीड जिल्ह्यातली एक छोटी संस्था ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कंपन्यांच्या सीएसआर निधीकडे प्रस्ताव पाठवते आहे, असे समजू. अशा प्रस्तावात ‘समस्येचे स्वरूप’ या शीर्षकाखाली साधारण असा मजकूर असतो: ‘शिक्षण हा प्रत्येक बालकाचा मूलभूत हक्क आहे. तरीही ऊसतोड कामगारांची असंख्य मुले शिक्षणापासून वंचित आहेत. आमच्या भागात वसतिगृहाची सोय नाही. तरी आपण सहकार्य करावे.’

यातले एकही वाक्य खोटे नाही. पण प्रस्ताव तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘असंख्य’ म्हणजे किती मुले, कोणत्या गावांतली, कोणत्या इयत्तांतली? जिल्ह्याचे नाव बदलून हाच परिच्छेद दुसऱ्या संस्थेने पाठवला तरी तो तितकाच खरा ठरेल. तिसरे वाक्य तर मला सर्वांत घातक वाटते. वसतिगृह नसणे ही समस्या नव्हे. तो संस्थेच्या मनातला उपाय आहे. उपाय नाही हीच अडचण म्हणून मांडली की खरी अडचण कागदावर येतच नाही.

खरी अडचण काय आहे? दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे आईही जाते आणि घरी सांभाळायला कोणी नसले की मूलही फडावर जाते. ते परतते मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे शाळेचे निम्मे वर्ष गेल्यावर.

पुराव्याची गोम इथेच आहे. बहुतेक संस्था पटसंख्येचे आकडे जोडतात. पण शाळांच्या माहितीसाठी वर्षानुवर्षे 30 सप्टेंबरची पटसंख्या धरली जात आली, आणि तेव्हा मुले गावातच असतात. पुढे ती गेली तरी पटावरचे नाव तसेच राहते. म्हणून पटावरून पाहिले तर समस्या दिसतच नाही. ती दिसते हजेरीपटात. सप्टेंबरची आणि जानेवारीची हजेरी शेजारी ठेवून, मुख्याध्यापकांच्या सहीनिशी जोडलेला एक तक्ता राज्याच्या दहा आकड्यांपेक्षा वजनदार ठरतो. राज्याची आकडेवारी हवी तर एका वाक्यात द्यावी. ती प्रश्न किती पसरला आहे ते सांगते, या चार गावांत काय घडते ते सांगत नाही.

आता तोच परिच्छेद पुन्हा लिहून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

‘चार गावांतल्या जिल्हा परिषद शाळांत सप्टेंबरमध्ये हजर असलेली 140 मुले जानेवारीत गैरहजर होती, ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती. त्यांपैकी 85 मुले तिसरी ते सातवीतली आहेत. दोन गावांत शासनाच्या योजनेतून हंगामी वसतिगृह चालते, पण तिथल्या जागा भरलेल्या आहेत. पालकांच्या बैठकीत 60 मुलांच्या पालकांनी, राहण्याजेवण्याची सोय झाल्यास मूल गावात ठेवू, असे लेखी कळवले आहे. या 60 मुलांना नोव्हेंबर ते एप्रिल गावातच ठेवण्यासाठी 8,64,000 रुपये हवे आहेत.’

140 वरून 60 वर येणे काहींना कमीपणाचे वाटेल. मला तीच या परिच्छेदाची ताकद वाटते. पहिली-दुसरीची लहान मुले आईवाचून राहत नाहीत, हे संस्थेला कळते, हे त्यातून दिसते. शासनाच्या योजनेचा उल्लेखही टाळू नये. हंगामी वसतिगृहांची योजना तपासणाऱ्याला माहीत असते आणि ‘मग आमच्याकडे का?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

मागणीची रक्कमही याच धाग्यात बसायला हवी. एका मुलामागे महिना 2,000 रुपये धरले तर 60 मुलांचे सहा महिन्यांचे 7,20,000 होतात. दोन काळजीवाहकांना दरमहा प्रत्येकी 12,000 दिले तर आणखी 1,44,000. खोल्या ग्रामपंचायत देणार. बेरीज 8,64,000, म्हणजे मुलामागे 14,400 रुपये. तपासणारा हा भागाकार करतोच. समस्येत 140 मुले, कार्यक्रमात 100 आणि अंदाजपत्रकात 60 जणांचे जेवण, असे तीन आकडे निघाले की प्रस्ताव बाजूला पडतो. म्हणून अंदाजपत्रक पूर्ण झाल्यावर पहिला परिच्छेद पुन्हा वाचावा आणि आकडे जुळवावेत.

या परिच्छेदाची एक मर्यादा आहे: मुले गावात राहतील, एवढेच तो सांगू शकतो. ती शिकतील का, हे सांगायचे असेल तर हंगामाआधी आणि नंतर वाचन-गणिताची चाचणी घ्यावी लागेल, आणि तिचा खर्चही मागणीत धरावा लागेल.

हे काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करा. मागच्या जानेवारीचा हजेरीपट शाळेत केव्हाही पाहता येईल, पण पालकांची लेखी संमती दसऱ्यानंतर मिळणार नाही. ते तेव्हा फडावर असतील.