रीडमीचा परिच्छेद उलगडताना

कुठलाही मुक्तस्रोत प्रोग्रॅम उतरवून घेतला की फोल्डरमध्ये सगळ्यात आधी एक फाइल शोधायची असते: README. हा रिवाज 1970च्या दशकापासूनचा आहे. प्रोग्रॅम लिहिणारा सोबत नसताना त्याच्या वतीने बोलणारी ही फाइल. पण बहुतेक लेखक ती काम संपल्यावर, दमलेल्या अवस्थेत, सुचेल त्या क्रमाने लिहितात. मग सगळी माहिती असूनही वाचणाऱ्याला प्रोग्रॅम चालवता येत नाही.

पुढचा नमुना या लेखासाठी रचला आहे. प्रोग्रॅम काल्पनिक असला तरी त्याचं काम मराठी छापखान्यांना चांगलं ओळखीचं आहे.

> लिपीबदल हा जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम आहे. फाइल बदलायला `lipibadal <file> --out new.txt` चालवा, पण आधी `pip install .` करायला हवं आणि पायथन 3.9 किंवा पुढचं लागतं. फॉन्ट वेगळा असेल तर `--font` द्या, नाहीतर `lipibadal.toml` मध्ये font लिहून ठेवा. नवा फॉन्ट जोडायचा असल्यास maps फोल्डरमध्ये सीएसव्ही टाका आणि `pytest` चालवून बघा, त्यासाठी `pip install -e ".[test]"` करावं लागेल. मूळ फाइलवरच लिहायचं असेल तर `--in-place`, मात्र आधी प्रत काढून ठेवा. अक्षरं बिघडली तर encoding बदलून बघा.

यात फारसं चुकीचं काही दिसत नाही. अडचण क्रमाची आहे. वाचणारा पहिली आज्ञा टंकतो, `command not found` असं उत्तर येतं, आणि ‘आधी’ हा शब्द त्याला त्यानंतर भेटतो.

असे सलग परिच्छेद नेहमी आळसातून येत नाहीत. आज रीडमी बहुधा मार्कडाउनमध्ये लिहिलेला असतो. जॉन ग्रुबर यांनी 2004मध्ये मांडलेली ही खुणांची साधी पद्धत. तिचा एक नियम पुष्कळांना ठाऊक नसतो: फाइलमध्ये एकदा एंटर दाबलं की पडद्यावर नवी ओळ येत नाही, नुसती मोकळी जागा येते. नवा परिच्छेद हवा असेल तर मध्ये एक ओळ रिकामी सोडावी लागते. त्यामुळे लेखकाने संपादकात नीट ओळी पाडलेल्या असतात आणि गिटहबवर मात्र सलग मजकूर दिसतो. दुसरी गोष्ट याहून त्रासदायक आहे. आपल्या नमुन्यातली `<file>` ही खूण कोडच्या चिन्हांत, म्हणजे उलट्या टिंबांसारख्या दिसणाऱ्या बॅकटिकांत, ठेवली नसती तर मार्कडाउनने ती एचटीएमएलचा टॅग समजली असती आणि गिटहबने ती गाळून टाकली असती. पडद्यावर `lipibadal --out new.txt` एवढंच उरलं असतं. फाइलचं नाव कुठे द्यायचं हे कळायला वाचणाऱ्याला मार्गच नाही.

दुरुस्ती करणाऱ्याने मथळे टाकण्यापासून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. आधी परिच्छेदातलं प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीवर आणावं आणि तेवढाच बदल गिटमध्ये नोंदवावा. वर सांगितलेला नियम इथे आपल्या बाजूने काम करतो, कारण एकदाच एंटर दाबल्यामुळे पडद्यावर दिसणारा मजकूर तसाच राहतो. पुढच्या नोंदीत वाक्यं फक्त हलवावीत. ती हलवल्यावर

```
git diff --color-moved=plain
```

ही आज्ञा जागा बदललेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवते. तपासणाऱ्याला एका नजरेत कळतं की काही गळलेलं नाही, काही घुसडलेलं नाही. नवं लिहायचं ते तिसऱ्या नोंदीत. हे तिन्ही एकदम केलं तर गिट सांगतं, जुना परिच्छेद गेला आणि चाळीस नव्या ओळी आल्या. मग मूळ मजकुरातला एखादा इशारा वाटेत हरवला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

आता वाटणी. वाक्य कशाबद्दल आहे, यापेक्षा ते वाचणाऱ्याला कधी लागेल हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. पहिल्यांदा चालवण्याआधी एकदाच लागणारं ते इन्स्टॉलेशनमध्ये जातं, दर वेळी लागणारं वापरात. आपल्या कामाप्रमाणे एकदा बसवून ठेवायचं ते कॉन्फिगरेशन. आणि प्रोग्रॅमच बदलू पाहणाऱ्याला लागणारं ते योगदान. या कसोटीवर नमुन्यातलं दुसरं वाक्य लगेच फुटतं. त्यात वापराची आज्ञा आहे, इन्स्टॉलेशनची आज्ञा आहे आणि त्याहीआधीची पायथनची अट आहे, तीही नेमकी उलट्या क्रमाने. तिचे तीन तुकडे करून ते उलटवावे लागतात. पहिलं वाक्य कुठल्याच विभागात जात नाही. ते सगळ्यांच्या वर, नावाखाली राहतं, कारण हा प्रोग्रॅम आपल्या कामाचा आहे की नाही हे वाचणारा तिथेच ठरवतो.

इन्स्टॉलेशनचा विभाग मग असा होतो:

```
python3 -m venv .venv
source .venv/bin/activate
pip install .
```

पहिल्या दोन ओळी मूळ परिच्छेदात नव्हत्या. लेखकाच्या संगणकावर वेगळं पायथन वातावरण आधीच उभं होतं, म्हणून त्याला त्या सांगाव्याशा वाटल्या नाहीत. पण डेबियन 12सारख्या नव्या लिनक्सवर थेट `pip install` केलं की `externally-managed-environment` असं सांगून ते अडवलं जातं. विंडोजवर दुसरी ओळ `.venv\Scripts\activate` अशी होते, तेही लिहायला हवं. आज्ञांच्या आधी `$` हे चिन्ह मात्र देऊ नये. ओळ जशीच्या तशी चिकटवणाऱ्याच्या टर्मिनलमध्ये तेही जातं आणि आज्ञा मोडते.

याच विभागात जुनं विधान पडताळून पाहायची वेळ येते. परिच्छेद म्हणतो पायथन 3.9. कोड उघडून पाहिला तर सेटिंगची फाइल वाचण्यासाठी `import tomllib` अशी ओळ सापडते, आणि `tomllib` पायथनमध्ये आलं ते 3.11पासून. म्हणजे 3.9 असलेल्या माणसाला इन्स्टॉल बिनबोभाट करता येईल आणि पहिल्याच वापराला `No module named 'tomllib'` दिसेल. सलग परिच्छेदात हे विधान अर्ध्या वाक्यात लपलेलं होतं. स्वतंत्र ओळीवर ते एकटं उभं राहिलं, तेव्हा कुणाला तरी ते तपासावंसं वाटलं. रीडमीची पुनर्रचना करताना असे शोध हमखास लागतात आणि माझ्या लेखी या कामाचं खरं मोल तिथेच आहे.

वापराच्या विभागात सर्वांत साधं उदाहरण आधी द्यावं आणि त्यासोबत काय दिसायला हवं तेही दाखवावं. आज्ञा चालली एवढ्याने मजकूर बरोबर बदलला असं होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार व्यंजनानंतर. युनिकोडमध्ये साठवण उच्चाराच्या क्रमाने होते, वेलांटी नंतर आणि रफाराचा र आधी. म्हणून ‘निर्णय’ हा शब्द फार चांगला नमुना ठरतो, कारण त्यात दोन्ही आहेत. तो नीट उमटला तर बदल बऱ्याच अंशी नीट झाला. वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली किंवा रफार पुढे सरकला, तर निवडलेला फॉन्ट चुकला आहे असा पहिला संशय घ्यावा. हे एक उदाहरण रीडमीत असलं की वाचणारा स्वतःच निदान करू शकतो.

`--in-place`चा इशाराही इथलाच, पण त्याची जागा बदलायला हवी. ‘मात्र आधी प्रत काढून ठेवा’ हे आज्ञेनंतर वाचून उपयोग नाही, कारण पुष्कळ जण आज्ञा दिसताक्षणी ती चालवतात. इशारा वर, आज्ञा खाली.

सगळ्यांत अवघड सीमा वापर आणि कॉन्फिगरेशन यांच्यामधली आहे. फॉन्ट `--font`नेही सांगता येतो आणि फाइलमध्येही लिहून ठेवता येतो. मग तो कुठे समजवायचा? एखादी फाइल वेगळ्या फॉन्टमध्ये आली तर तेवढ्यापुरतं सांगायचं, हे वापरात. कचेरीचं सगळं जुनं भांडार एकाच फॉन्टमध्ये असेल तर ते कायमचं ठरवून टाकायचं, हे कॉन्फिगरेशनमध्ये:

```
font = "surekh"
encoding = "cp1252"
```

दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलं असेल तर कोण जिंकणार, याबद्दल मूळ परिच्छेद गप्प आहे. साधारण प्रघात असा की आज्ञेत दिलेलं सर्वांत वरचढ, मग सेटिंगच्या फाइलमधलं आणि काहीच नसेल तर प्रोग्रॅममधलं ठरीव मूल्य. पण प्रघातावर विसंबून लिहू नये. प्रोग्रॅम चालवून पाहावा आणि तो जे करतो ते लिहावं. प्रत्येक सेटिंगसमोर तिचं ठरीव मूल्यही हवं, आणि ही फाइल कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची तेही. ‘अक्षरं बिघडली तर encoding बदलून बघा’ हे वाक्य वाचणाऱ्याला अंधारात सोडतं. कशाऐवजी काय टाकायचं हे सांगितलं तरच ती सूचना होते.

योगदानाचा विभाग अनेकदा नुसत्या आमंत्रणावर संपतो. इथे मात्र मूळ लेखकाने ठोस माहिती दिली होती, फक्त ती परिच्छेदाच्या पोटात होती. `pip install -e ".[test]"` ही आज्ञा दिसायला इन्स्टॉलेशनची आहे, पण साध्या वापरकर्त्याला तिची गरज नाही, म्हणून ती इकडे येते. दोन्ही आज्ञा एकाखाली एक ठेवल्या तर नवखा माणूस दोन्ही चालवतो. शिवाय या प्रोग्रॅमला सर्वांत मोलाची मदत प्रोग्रॅमरकडून मिळणारच नाही. जुन्या फॉन्टची कुठली कळ कुठलं जोडाक्षर देते, हे वर्षानुवर्षं डीटीपी केलेल्या माणसाच्या बोटांत असतं. त्याच्यासाठी सीएसव्हीची एक भरलेली ओळ दाखवावी, फाइल कुठे ठेवायची ते सांगावं आणि कोडला हात न लावता ती पाठवायची वाट द्यावी. चाचण्या चालवण्याची पायरी वेगळी, ज्याला येते त्याच्यासाठी.

हा भाग वाढला तर तो `CONTRIBUTING.md` या वेगळ्या फाइलमध्ये हलवावा. रीडमीत दोन वाक्यं आणि दुवा पुरतो. कुणी तक्रार किंवा बदल पाठवायला निघालं की गिटहब या फाइलचा दुवा तिथेच समोर ठेवतं. ग्नू प्रकल्पानेही README आणि INSTALL या फाइली पूर्वीपासून वेगळ्या ठेवल्या आहेत. छोट्या प्रोग्रॅमला मात्र चार फाइलींची गरज नसते. एका फाइलीतले चार मथळे शोधायला सोपे पडतात, कारण गिटहब मथळ्यांवरून अनुक्रमणिका आपोआप तयार करतं. प्रत्येक मथळ्याला `#installation` असा स्वतःचा पत्ताही मिळतो. पुढे मथळ्याचे शब्द बदलले की हा पत्ता बदलतो आणि इतरांनी दिलेले दुवे त्या जागी पोचत नाहीत, म्हणून शब्द सुरुवातीलाच विचार करून ठरवावेत.

शेवटची तपासणी कोऱ्या संगणकावर करावी, निदान कोऱ्या फोल्डरमध्ये नव्या वातावरणात. नियम एकच: रीडमीतून उचललेली आज्ञाच चिकटवायची, हाताने काही टंकायचं नाही आणि आठवणीतून काही भरायचं नाही. शब्दसंस्कारकातून आलेल्या मजकुरात `--font`ची दोन जोडचिन्हं मिळून एक लांब रेघ झालेली असते. डोळ्यांना ती सहसा दिसत नाही, टर्मिनल मात्र लगेच अडतं. जिथे अडेल तिथे थांबून रीडमी सुधारायचा आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचं. हे काम प्रोग्रॅमच्या लेखकाने केलं तर तो नकळत पायऱ्या गाळतो. ज्याने तो कधी चालवलेला नाही अशा माणसाला शेजारी बसवावं आणि त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न ज्या विभागात पडतो तिथे त्याचं उत्तर लिहावं.