नोटीस गेली म्हणून मुदत थांबत नाही

समजा, भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपची चाकणच्या कंपनीकडे 4 लाखांची बिलं थकली आहेत. पीओमध्ये 90 दिवसांचं क्रेडिट आहे, तर बिलाच्या तळाशी ‘उशीर झाल्यास 18 टक्के व्याज’ असं छापलेलं. मालक वकिलाकडून नोटीस पाठवतो आणि निर्धास्त होतो. इथेच गफलत होते.

बिलावर छापलं म्हणजे करार झाला, हा पहिला गैरसमज. कंपनी म्हणते, ‘आम्ही सही पीओवर केली, तुमच्या बिलावर नाही.’ कुरकुर न करता बिलं स्वीकारत आल्याचं दाखवता आलं तर ती ओळ कोर्टात टिकू शकते, पण भांडावं लागतं. त्यापेक्षा भक्कम आधार 2006 च्या एमएसएमई विकास कायद्याचा आहे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेच लागतात. पीओतले 90 दिवस तिथे चालत नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक रेट 6 टक्के धरला तर दर 18 टक्केच होतो, पण 4 लाखांवर वर्षाचं सरळव्याज 72,000, तर चक्रवाढ सुमारे 78,250 रुपये. मात्र उद्यम नोंदणी ऑर्डर घेण्याआधीची हवी. मागाहून केलेल्या नोंदणीवर वाद होतो. आणि कंपनीने माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली असेल, तर ती मिटेपर्यंत माल स्वीकारला असं धरत नाहीत. म्हणून नोटिशीत प्रत्येक बिलाबरोबर चलन आणि जीआरएनची तारीख लिहायची.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. क्रेडिटवर विकलेल्या मालाच्या वसुलीचा दावा क्रेडिटची मुदत संपल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो. नोटीस पाठवल्याने त्यात एक दिवसही वाढत नाही. वाढतो तो कंपनीने मुदतीच्या आत लेखी, सहीनिशी बाकी कबूल केल्याने. मार्चअखेर अकाउंट्सवाले जो बॅलन्स कन्फर्मेशनचा कागद पाठवतात, तो जपून ठेवावा तो यासाठी.

नोटिशीला उत्तर नाही, की लगेच कोर्ट, असंही नाही. पाटील ऑटोमेशन या पुण्याच्या कंपनीविरुद्धच्या वसुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑगस्ट 2022 ला सांगितलं की, तातडीचा हुकूम मागायचा नसेल, तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे. 3 लाख किंवा त्यावरच्या व्यापारी दाव्यांना हे लागू होतं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, आणि मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळतात. दुसरी वाट सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेची. तिथला निवाडा कंपनीला रद्द करून घ्यायचा असेल, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते.

पुढची ऑर्डर बंद होईल, ही भीती मात्र गैरसमज नाही. तिच्यावर कायद्याकडे औषध नाही. तरीही फाइलमधलं सगळ्यात जुनं बिल आधी काढा आणि त्याची 3 वर्षं कधी संपतात ते बघा.